कपाचा गोलवा, शर्टाची चुणी

छपाईच्या दुकानातून हल्ली नमुना म्हणून खरा कप क्वचितच हातात पडतो. येतो तो व्हॉट्सॲपवर कपाचा फोटो, आणि त्यावर तुमचा लोगो जणू छापून झाला आहे असा दिसतो. या फोटोला धंद्यात सगळे मॉकअप म्हणतात. गिऱ्हाईक तो बघून होकार देतो आणि मग मशीन चालू होतं. गंमत अशी की मॉकअप कच्चा असला तर गिऱ्हाइकाला ते लगेच जाणवतं, पण नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही. 'चिकटवल्यासारखं वाटतंय,' एवढंच तो म्हणतो. त्याचं बरोबर असतं. कप गोल आहे आणि लोगो सपाट राहिलाय, कपावर उजेड डावीकडून पडतोय आणि लोगोवर तो पडतच नाही, किंवा कपाची चकाकी लोगोच्या काठाशी येऊन अचानक थांबते. यातली एक गोष्ट जरी राहिली तरी डोळा फसत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका अमृततुल्यवाल्याला नेहमीच्या गिऱ्हाइकांना द्यायला पांढरे कप आणि पोऱ्यांसाठी सुती टी-शर्ट छापून हवे आहेत. लोगो केशरी, आडवा, दुकानाचं नाव एका ओळीत. कपावर त्याची रुंदी 80 मिलिमीटर ठेवायची. छपाईवाल्यांकडे सर्रास मिळणारा कप साधारण 82 मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे त्रिज्या 41. या दोन आकड्यांवर कपाचं जवळजवळ सगळं गणित होतं.

घरात करून बघण्यासारखा प्रयोग आहे. कागदाच्या पट्टीवर एकेक सेंटिमीटरचे चौकोन आखा, पट्टी कपाभोवती गुंडाळा आणि कप डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून पाहा. मधल्या रेषेला लागून असलेला चौकोन जवळपास पूर्ण, 9.9 मिलिमीटर दिसतो. त्याच्या पुढचा 9.3, तिसरा 8.2 आणि चौथा तर 6.6. कागदावर सगळे चौकोन सारखेच, पण कपाचा पृष्ठभाग बाजूला वळत जातो तसा तो आपल्याला तिरका दिसू लागतो आणि त्याची रुंदी आटते. मधल्या रेषेपासून एखादा बिंदू कपावर किती अंतरावर आहे ते त्रिज्येने भागलं की कोन मिळतो. त्या कोनाची ज्या, म्हणजे साइन, त्रिज्येने गुणली की तो बिंदू फोटोत कुठे दिसणार ते मिळतं. आपला 80 मिलिमीटरचा लोगो मधून दोन्हीकडे 40-40 मिलिमीटर पसरतो. 40 भागिले 41 म्हणजे सुमारे 56 अंश. त्यामुळे फोटोत लोगोची एकूण रुंदी 80 नव्हे, 68 मिलिमीटर दिसायला हवी, आणि अगदी कडेच्या अक्षराची रुंदी मूळच्या 56 टक्केच उरायला हवी.

कच्च्या मॉकअपमध्ये हमखास चुकतं ते इथेच. लोगो खाली वाकवलेला असतो, पण पहिलं अक्षर आणि मधलं अक्षर सारख्याच रुंदीचं असतं. बघणाऱ्याला वाटतं की कप गोल नाही, नुसता फुगीर आहे. लोगोतली उभी दांडी असलेली दोन सारखी अक्षरं शोधा, एक मधे आणि एक कडेला, आणि पडद्यावर त्यांची रुंदी मोजा. सारखी भरली तर वळण खोटं आहे.

आता वाकण्याचं बघू. कप वरून थोडा तिरका दिसत असेल तर त्याचं तोंड वर्तुळ न दिसता लंबवर्तुळ दिसतं. तोंडाची फोटोतली रुंदी आणि उंची मोजली की कॅमेरा किती वरून बघतोय ते कळतं. आपल्या फोटोत तोंड 1000 पिक्सेल रुंद आणि 250 पिक्सेल उंच आहे असं धरू. उंचीचा निम्मा भाग, 125 पिक्सेल, हा मूळ आकडा. लोगोचं मधलं टोक कडेच्या टोकांपेक्षा किती खाली यायला हवं? 125 गुणिले, एक वजा 56 अंशांची कोज्या. म्हणजे साधारण 55 पिक्सेल. लोगो 828 पिक्सेल रुंद आणि त्याचं वाकणं 55 पिक्सेल. पुष्कळ जण अंदाजाने याच्या दुप्पट वाकवतात, कारण वाकवलेलं दिसावं अशी इच्छा असते. वाकण्याची दिशाही ठरलेली आहे. वरून पाहिलं तर कपाच्या समोरच्या बाजूवरच्या रेषा मधे खाली झुकतात. कप डोळ्याच्या उंचीवर असेल तर त्या सरळ राहतात, आणि कप जवळून काढला असेल तर खालच्या रेषा वरच्या रेषांपेक्षा जास्त वाकतात, कारण कपाच्या बुडाकडे आपण जास्त तिरकं बघत असतो. म्हणून लोगोची वरची कड तोंडाच्या कडेशी जुळवायची आणि खालची कड बुडाच्या वळणाशी. दोन्हींना एकच वळण दिलं की लोगो जवळून काढलेल्या कपावर बसत नाही.

फोटोशॉपमध्ये हे करताना लोगोचा लेयर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्यावा. ही सोय 2005 पासून आहे. तिचा फायदा असा की लोगो जसाच्या तसा आत सुरक्षित राहतो आणि वाकवणं, दाबणं हे वेगळं नोंदलं जातं. उद्या गिऱ्हाइकाने लोगो बदलला तर आतली फाइल बदलून जतन करायची, वळण आपोआप लागू होतं. मग `Edit > Transform > Warp`. तिथल्या तयार आकारांत `Arc` बघून हात तिकडे जातो, पण तो अक्षरांना पंख्यासारखं फाकवतो, आणि कपावरच्या अक्षरांच्या उभ्या दांड्या तर उभ्याच राहायला हव्यात. `Arch` दांड्या उभ्या ठेवतो, मात्र अक्षरांची रुंदी कडेला आटवत नाही. ते काम जाळी घेऊन हाताने करावं लागतं. नव्या आवृत्त्यांत `Cylinder` नावाचा आकार आला आहे, तो दोन्ही बऱ्यापैकी सांभाळतो. तरी वर मोजलेले दोन आकडे, 828 आणि 55, कागदावर लिहून ठेवून पडद्यावर पट्टी धरून तपासावेत. संगणकाला तुमच्या कपाची त्रिज्या माहीत नसते.

आकार जुळला की उजेड. कपाच्या अंगावर उजेडाची दोन रूपं एकावर एक असतात आणि ती वेगळी हाताळावी लागतात. एक म्हणजे सावलीची उतरण: उजेडाकडची बाजू उजळ, पलीकडची हळूहळू काळवंडत जाणारी. छापलेल्या रंगावरही ही उतरण तशीच पडते, म्हणून लोगोच्या लेयरला मल्टिप्लाय लावायचं. मल्टिप्लाय म्हणजे शब्दशः गुणाकार. खालच्या फोटोतल्या पिक्सेलचं मूल्य आणि लोगोच्या पिक्सेलचं मूल्य गुणून 255 ने भागलं जातं. खाली 255, म्हणजे पूर्ण पांढरं असेल तर लोगोचा रंग तसाच राहतो. खाली सावली असेल तर तो तेवढाच गडद होतो.

दुसरं रूप म्हणजे चकाकी. खिडकीचा जो पांढरा पट्टा कपावर दिसतो तो रंगाचा नसून वरच्या चकचकीत थराचा असतो. सब्लिमेशनच्या कपावर पॉलिमरचा पारदर्शक थर दिलेला असतो आणि सुमारे 180 ते 200 अंश सेल्सिअसला शाई वायू होऊन त्या थरात शिरते. शाई आत असते आणि चकाकी सगळ्यांत वर. म्हणून खऱ्या छापील कपावर खिडकीचा पट्टा केशरी अक्षरावरूनही पांढराच जातो. मल्टिप्लायमध्ये नेमकं याच्या उलट होतं: 255 गुणिले केशरी म्हणजे केशरी, चकाकी अक्षराखाली गडप. कपाचा मॉकअप खोटा पडण्याचं माझ्या मते हे सगळ्यांत मोठं कारण आहे, आणि वळणात तासभर घालवणारेही इथे पाच मिनिटं देत नाहीत.

उपाय सोपा आहे. मूळ फोटोची एक प्रत लोगोच्याही वर ठेवायची, तिचा रंग काढून टाकायचा, आणि लेव्हल्समध्ये काळा काटा उजवीकडे सरकवत न्यायचा, इतका की फक्त चकाकी पांढरी उरेल आणि बाकी सगळं काळं होईल. मग या प्रतीला स्क्रीन हा मोड द्यायचा. स्क्रीनमध्ये काळं काहीच करत नाही, पांढरं उजळवतं. चकाकी पुन्हा लोगोच्या वर येते. यात अडचण येते ती फोटोमुळे. पांढरा कप भरपूर उजेडात काढला असेल तर त्याचं अंगच 250 च्या घरात असतं आणि चकाकी 255. या पाच पायऱ्यांतून चकाकी वेगळी काढता येत नाही. काटा जरा सरकवला की अर्धा कप पांढरा होतो. म्हणून मॉकअपसाठी कपाचा फोटो थोडा अंधारा काढतात, पांढरं अंग 200 च्या आसपास पडेल असा. फोटो म्हणून तो मळकट दिसतो, पण त्यात चकाकी सुटी राहते.

सुती शर्टाकडे वळलं की चकाकीची काळजी संपते, कारण सूत उजेड सगळ्या दिशांना विखुरतं. भूमिती मात्र हाताबाहेर जाते. कपाला एक त्रिज्या होती. शर्टाच्या प्रत्येक चुणीचं वळण वेगळं. ते मोजणं शक्य नाही, म्हणून शर्टाच्या फोटोलाच विचारायचं की चुण्या कुठे आहेत. हे काम करणारं फिल्टर `Filter > Distort > Displace`, आणि मोफत मिळणाऱ्या गिंपमध्येही `Filters > Map > Displace` या जागी ते आहे.

फोटोशॉपमधली रीत अशी. शर्टाच्या फोटोची प्रत घ्यायची, कृष्णधवल करायची, गॉशियन ब्लर द्यायचा आणि वेगळी पीएसडी फाइल म्हणून जतन करायची. हा झाला नकाशा. त्याची लांबीरुंदी मूळ फोटोइतकीच हवी. मधेच फोटो कातरला तर चुण्या एका जागी आणि लोगोचं वाकणं दुसऱ्या जागी असं होतं. मग लोगोच्या लेयरवर फिल्टर लावलं की ते नकाशाची फाइल मागतं आणि नकाशातल्या उजेड-अंधारानुसार लोगोचे पिक्सेल सरकवतं. 128 ही मधली करडी छटा. तिथे पिक्सेल जागचा हलत नाही. त्याहून उजळ असेल तर एकीकडे, गडद असेल तर दुसरीकडे. फिल्टरमधला स्केल 100 असेल तर सरकणं जास्तीत जास्त 128 पिक्सेल, आणि आपोआप येणाऱ्या 10 या आकड्यावर त्याचा दहावा भाग. म्हणजे करड्या छटेच्या दर दहा पायऱ्यांना एक पिक्सेल.

आपल्या अमृततुल्यच्या पांढऱ्या शर्टावर उजळ कापड 225 आणि चुणीची सावली 165 आहे असं समजा. फरक साठ पायऱ्यांचा, म्हणून लोगोची रेघ चुणीपाशी सहा पिक्सेल मोडते. 3000 पिक्सेल रुंदीच्या फोटोत हे पुरेसं असतं. पण एक भानगड होते. 225 हे 128 पासून बरंच दूर आहे, त्यामुळे सपाट कापडावरचा लोगोही जागेवरून साडेनऊ-दहा पिक्सेल सरकतो. लोगो छातीच्या मधोमध ठेवला होता आणि फिल्टरनंतर तो थोडा तिरका सरकला, हा अनुभव पुष्कळांना येतो आणि कारण हेच असतं. नकाशा जतन करण्याआधी लेव्हल्सने सपाट कापड 128 च्या जवळ आणलं की सरकणं थांबतं. तिरकं सरकण्याचंही कारण आहे: एकाच कृष्णधवल नकाशावर आडवं आणि उभं दोन्ही स्केल सारखं ठेवलं तर पिक्सेल कर्णरेषेत जातात. शर्टावरच्या चुण्या बहुतेक उभ्या लोंबत्या असतील तर आडवा आकडा ठेवून उभा कमी करावा.

ब्लर कशासाठी, तर कापडाच्या विणीसाठी. सुताचा प्रत्येक धागा नकाशात उजळ-काळा ठिपका म्हणून येतो आणि फिल्टरला तो चुणीच वाटते. ब्लर न देता लावलं तर अक्षरांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या होतात. जास्त ब्लर दिला तर चुण्याही पुसल्या जातात. वीण दिसेनाशी झाली आणि चुणी शाबूत आहे, तिथे थांबायचं. 3000 पिक्सेलच्या फोटोला चार-पाच पिक्सेलचा ब्लर ही सुरुवात ठीक असते.

हे सगळं चालतं ते एका थापेवर. फिल्टर उजळ जागेला उंच आणि काळ्या जागेला खोल समजतं. वास्तवात उजेड उंची सांगत नाही, उतार सांगतो. कापडाचा जो भाग उजेडाकडे तोंड करून आहे तो उजळ, जो तोंड फिरवून आहे तो काळा. पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचा हा हिशेब लँबर्ट याने 1760 च्या ग्रंथात मांडला आहे आणि संगणकावरचं बहुतेक शेडिंग आजही त्याच्यावर उभं आहे. उजेड डावीकडून असेल तर चुणीची डावी बाजू उजळ आणि उजवी काळी. चुणीचा माथा आणि दोन चुण्यांमधली घळ दोन्ही मधल्या छटेची. फिल्टर या दोन उतारांना उलट दिशांना ढकलतं. भूमितीच्या दृष्टीने हे चूक आहे, पण सावली जिथे बदलते तिथेच रेघ मोडते, आणि डोळा तेवढंच तपासतो. म्हणून बाजूने आलेल्या उजेडात थाप पचते. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने समोरून काढलेल्या फोटोत चुणीच्या दोन्ही बाजू सारख्याच काळवंडतात, रेघ दोन्हीकडे एकाच दिशेने ढकलली जाते आणि लोगो पाण्यात हलल्यासारखा दिसतो. असा फोटो घेऊच नये. दुरुस्त करत बसण्यापेक्षा शर्ट खिडकीशेजारी टांगून पुन्हा काढणं स्वस्त पडतं. पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टावर तर पट्टेच चुण्या ठरतात.

आणखी एका जागी फिल्टर हात टेकतं. चुणी इतकी खोल असेल की कापड स्वतःवरच दुमडलं आहे, तर छापलेल्या अक्षराचा काही भाग दुमडीत दडायला हवा. सरकवणारं फिल्टर अक्षर मोडतं, वाकवतं, पण त्यातला तुकडा लपवत नाही. तिथे हाताने काम करावं लागतं. लोगोच्या दोन प्रती करायच्या, दुमडीच्या रेषेवर दोन्हींना मास्क लावायचा, एक रेषेच्या अलीकडे दिसेल, दुसरी पलीकडे. मग पलीकडची प्रत रेषेकडे तेवढी सरकवायची जेवढं कापड आत गेलं असेल. 'अमृततुल्य'मधला 'तु' अर्धा गायब झाला की शर्ट अंगावर घातल्यासारखा वाटू लागतो. गिऱ्हाईक मात्र कधीकधी याच गोष्टीवर नाराज होतो, त्याला नाव पूर्ण वाचायचं असतं. मग दुमड नसलेला फोटो निवडणं बरं.

रंगाचा हिशेब शर्टावरही मल्टिप्लायचाच, आणि इथे एक बारीक फसवणूक आहे. आपलं केशरी 230, 90, 30 आहे असं धरा. पांढरं कापड 225 असेल तर गुणाकारानंतर ते 203, 79, 26 होतं, म्हणजे सावली नसलेल्या जागीही बारा टक्के मळलेलं. डोळा कापडाला पांढरंच समजतो, रंग मात्र मेलेला वाटतो. यावर लोगोपुरती सावलीची वेगळी प्रत करावी लागते: लोगो नॉर्मल मोडमध्ये, त्याच्या वर फोटोची कृष्णधवल प्रत मल्टिप्लायमध्ये, लोगोच्याच आकारात कापलेली, आणि तिच्या लेव्हल्समध्ये पांढरा काटा 225 वर आणलेला. आता सपाट कापडावर रंग तंतोतंत 230, 90, 30 आणि चुणीत मात्र तो उतरलेला. लोगोत शुद्ध काळा असेल तर उलटा त्रास होतो, शून्याला कशानेही गुणलं तरी शून्य, चुणी काळ्या अक्षरांत दिसतच नाही. छापलेला काळा खऱ्या कापडावर कधी शून्य नसतो. 35-40 घेतला की त्यावर सावली चढते, आणि उजळ चुणीसाठी स्क्रीनचा पुसट थर द्यावा लागतो.

काळ्या शर्टाचं गणित वेगळं. काळ्या कापडाच्या फोटोतली सगळी सावली 20 ते 60 मधे कोंबलेली असते. ती ताणून 0 ते 255 केली की चुणीबरोबर कॅमेऱ्याचे कणही ताणले जातात, आणि लोगो धूळ बसल्यासारखा दिसतो. म्हणून अनुभवी लोक काळ्या शर्टाचा फोटो काढतच नाहीत. पांढऱ्या शर्टाचा काढतात, त्याच्या चुण्या स्वच्छ मिळवतात आणि कापडाला काळा, निळा, लाल रंग संगणकात चढवतात. बाजारात मिळणारे तयार मॉकअप, ज्यात एका क्लिकवर शर्टाचा रंग बदलतो, ते आतून असेच असतात. छपाईच्या टेबलावरही साधारण हीच युक्ती चालते: काळ्या शर्टावर केशरी छापायचं तर आधी पांढऱ्या शाईचा थर मारतात, नाहीतर कापड रंग खाऊन टाकतं.

विणीचं काय करायचं ते छपाईच्या पद्धतीवरून ठरवावं. पाण्यातली शाई धाग्यांत मुरते, तिच्यातून वीण पूर्ण दिसते. प्लास्टिसोल शाई कापडावर थर धरून बसते आणि वीण बुजवते. डीटीएफ तर चक्क फिल्मचा पापुद्रा असतो. गिऱ्हाइकाला डीटीएफ द्यायचं आहे आणि मॉकअपमध्ये सूत न् सूत दिसतंय, तर माल हातात आल्यावर भांडण ठरलेलं. सावलीच्या प्रतीला थोडा ब्लर दिला की वीण बुजते. तसंच लोगोच्या कडा फोटोपेक्षा तीक्ष्ण नसाव्यात. शर्टाच्या शिवणीवर फोटो मोठा करून पाहा, तिथला धागा जितका पुसट आहे तितकीच अक्षराची कड पुसट हवी. अर्धा-पाऊण पिक्सेलचा ब्लर बहुधा पुरतो.

कपाच्या बाबतीत आणखी एक तपासणी राहते, तिचा संगणकाशी संबंध नाही. 82 मिलिमीटर व्यासाच्या कपाचा परीघ 257 मिलिमीटरच्या थोडा वर, पण हीट प्रेसचा गरम पट्टा दांडीपाशी पोचत नाही, त्यामुळे छपाईला साधारण 200 मिलिमीटरच मिळतात आणि त्यांच्याही टोकांना रंग फिका पडू शकतो. तोंडाच्या आणि बुडाच्या अगदी कडेलाही पट्टा नीट दाबला जात नाही. मॉकअपमध्ये दांडीला चिकटून लोगो ठेवणं अगदी सोपं असतं. 80 मिलिमीटरचा लोगो दांडीच्या बरोबर समोर ठेवला तर काळजी नाही. पण अमृततुल्यवाल्याने नाव कपाभोवती पूर्ण फिरवून मागितलं, तर फोटो पाठवण्याआधी छपाईवाल्याला पट्टा कुठपर्यंत जातो ते विचारून घ्यावं.